शेवट आधी धर

आमच्या घरात पंढरीच्या देवाचं नाव सुनांना घेता येत नसे. घर माळकरी, आषाढी-कार्तिकी चुकत नसे, पण आजोबांचं नाव पांडुरंग आणि माझ्या वडलांचं विठ्ठल. आईला सासऱ्यांचंही नाव बंद आणि नवऱ्याचंही. त्यामुळं ती देवाला ‘पंढरीवाला’ म्हणायची. एकादशीला भजन ऐकत बसली की टाळकऱ्यांच्या मागोमाग ओठ हलवायची, आणि ती दोन नावं आली की नुसती मान डोलवायची. आजीला निदान ‘इठोबा’ म्हणता यायचं, तो तिचा लेकच. आजोबांच्या नावाला मात्र तीही ‘इटंवरचा’ म्हणून वळसा घालायची. गावात सगळीकडं हीच तऱ्हा होती. शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांचं नाव गणपत, म्हणून त्या भाद्रपदात दहा दिवस गणपतीला ‘मोरया’च म्हणायच्या. वाण्याच्या दुकानात एका बाईला हवी ती वस्तू नावानं मागता येईना, कारण ते तिच्या मोठ्या दिराचं नाव होतं. मग तिनं बोट दाखवायचं आणि वाण्यानं ओळखायचं.

वर्षभर असं तोंड मिटून काढल्यावर नवऱ्याचं नाव उघड घ्यायला बाईला मोजक्या जागा मिळत. लग्नात, घरात पाऊल टाकताना, डोहाळेजेवणात, बारशात, आणि वर्षातनं एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवात. तेही सरळ नाही, तर दोन ओळींच्या आडोशानं. आता त्याला सगळे उखाणा म्हणतात. आमच्याकडं त्याला ‘नाव घेणं’ म्हणत. उखाणा म्हणजे हुरड्याच्या शेकोटीला पोरं एकमेकांना घालतात ते कोडं.

धाकटी काकी आमच्या घरात आली ती 1978 च्या वैशाखात. धाकट्या काकांचं नाव दिनकर. काकी माणदेशातल्या एका वाडीतली, सातवीपर्यंत शिकलेली, अंगानं बारीक आणि आवाजानं त्याहून बारीक. पुढच्या जानेवारीत तिची पहिली संक्रांत आली. मी तेव्हा पाचवीत होते. शाळा सुटली की काकीच्या मागं मागं असायचे, त्यामुळं पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला नाव घेतल्यावाचून सुटका नसते. आधी देवळात. सुगडात उसाची कांडी, बोरं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, गव्हाची ओंबी घालून बाया ववसायला जातात, तिथं पहिल्यांदा अडवतात. मग ज्या ज्या घरी हळदीकुंकवाला जाईल त्या त्या उंबऱ्यावर. आणि शेवटी आपल्या घरच्या हळदीकुंकवाला, जिथं सगळी आळी जमते आणि नव्या सुनेचा आवाज ऐकायलाच जमते. एकच पाठ केलेलं नाव पाच घरी घेतलं तर सहाव्या घरी बाया म्हणतात, “हे शिळं झालं, ताजं वाढ.” म्हणजे चार-पाच तरी हाताशी पाहिजेत.

काकीकडं एकच होतं, तिच्या आत्यानं लग्नाआधी शिकवलेलं. ती ते कुणाला सांगेना. “घरच्या हळदीकुकवाला घेईन,” म्हणाली. आजी म्हणाली, “ठेव. पण बाकीच्या घरी काय घेशील? बस हितं.”

मग भोगीच्या आधीचे चार-पाच दिवस पहाटे जात्यावर काकीची शिकवणी चालली. तिळाच्या भाकरीसाठी बाजरी दळायची होती. आजी एका बाजूनं खुंटा धरायची, काकी दुसऱ्या बाजूनं. मी गोधडीत पडून ऐकायचे.

काकीची पहिली चूक अशी, की ती सुरुवातीपासून सुरुवात करायची. तुळस, समई, बेल, मोगरा असं काहीतरी छान आठवायचं, त्याची एक ओळ करायची आणि दुसऱ्या ओळीत नावापाशी येऊन अडकायची. नाव बसलं तर यमक सुटायचं, यमक धरलं तर नाव मावायचं नाही.

आजी म्हणाली, “उलटं कर. शेवट आधी धर. नाव कुठं जानार हाय? ते मधीच बसतंय. नावाच्या म्होरं काय म्हननार ते आधी ठरव, मग म्हागं कायबी जुळतंय.”

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. पुढं स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं, की सगळी मेख तिथंच आहे. यमक नावाचं नसतंच. नाव दुसऱ्या ओळीच्या मध्यावर येतं आणि यमक तिच्या शेपटाला असतं. ‘दिनकररावांचं नाव घेते’ एवढा तुकडा ठरलेला. त्यापुढं सहा-आठ अक्षरांची जागा राहते, तेवढीच आपली. ती आधी भरायची. ‘सासूबाईंच्या घरात’ म्हटलं की दारात, भरात, परसात असे शब्द आपोआप हात वर करतात. त्यांतला एक निवडायचा आणि त्याच्यासाठी पहिली ओळ घडवायची. म्हणून तर आत्याचं नाव भाचीला चालतं आणि भाचीचं तिच्या सुनेला. मधला नवरा तेवढा बदलायचा.

नावाची लांबीही आजी जात्याच्या फेऱ्यावर मोजायची. खुंटा पुढं गेला की पहिली ओळ संपली पाहिजे, मागं आला की दुसरी. ‘दिनकररावांचं’ बसतं. नाव लहान असलं, समजा बाळू किंवा नाना, तर आजी मागं काहीतरी जोडायला सांगायची, ‘बाळासाहेबांचं’ म्हण, नाहीतर फेरा अर्धा रिकामा जातो. चंद्रकांत, लक्ष्मण अशी जड नावं असली तर पुढचं शेपूट तोकडं करायचं.

“आन् नावापाशी थांबायचं,” ती सांगायची. “भित्री बाई नाव गिळती. मग बाया म्हनत्यात, ऐकू न्हाई आलं, परत घे. परत घेतल्यालं निम्मं होतंय.”

असे तीन-चार शेवट तिनं काकीच्या तोंडात बसवून घेतले. ‘संक्रांतीच्या सणाला’ हा एक होता, ‘सयांच्या मेळ्यात’ हा एक, आणि ‘आत्याबाईंच्या घरात’ हा तिसरा. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आजी म्हणाली, “ह्यो कुठंबी चालतोय. सासू हाय तवर.”

शिकवणारी आजी स्वतः मात्र कुठल्याच हळदीकुंकवात नसायची. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली होती. आळीतल्या निम्म्या बायांची नावं आजीनं जुळवून दिलेली, त्यांच्या लेकींचीही. पण बाया जमायला लागल्या की ती उठून माजघरात जाऊन बसायची. कुणी जा म्हणत नसे. तिला कुणी सांगावंही लागत नसे.

आमच्या घरचं हळदीकुंकू संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी होतं. सोपा सारवलेला, जाजम अंथरलेलं, कोपऱ्यात समई. आईनं वाणाला लहान कंगवे आणले होते. काकीला काळी चंद्रकळा नेसवली होती. शाळू हुरड्यात आला होता, त्यामुळं बाया रानातनं उशिरा आल्या आणि दिवेलागण होऊन गेली. पंचवीस-तीस जणी तरी असतील. माझं काम तिळगूळ वाटायचं आणि माजघरातनं लागेल ते आणून द्यायचं. आजी माजघराच्या दाराआड पाटावर बसली होती. तिथनं तिला सोपा दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं.

जुन्या बायांनी आधी आपापली नावं घेतली. एकीनं लांबण लावली, वेशीपासून सुरू करून वाडा, ओसरी, देवघर, चूल असं करत करत शेवटी नवऱ्यापाशी आली. हसणं झालं. मग सगळ्यांच्या नजरा काकीकडं वळल्या.

काकी उभी राहिली. देवळात आणि आळीतल्या चार घरी तिनं आजीनं शिकवलेली घेतली होती आणि ती बरी गेली होती. आज आत्याचं राखून ठेवलेलं. तिनं सुरुवात केली:

“वाळवंटी टाळ वाजे...”

आणि थांबली.

आधी वाटलं लाजली. मग वाटलं विसरली. बाया हसून म्हणाल्या, “टाळ वाजतोय, म्होरं बोल की!” काकीनं पुन्हा “वाळवंटी टाळ वाजे” म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला. ते सगळं असं होतं, हे मला रात्री कळलं:

वाळवंटी टाळ वाजे, पांडुरंगाचा गजर,
दिनकररावांचं नाव घेते सावरून पदर.

तिच्या आत्यानं ते तिला सोयरीक व्हायच्या आधी शिकवलं होतं. तेव्हा पांडुरंग म्हणजे फक्त देव होता. लग्नपत्रिकेवर नाव आलं, पण सासरे आधीच गेलेले, तिनं त्यांना कधी पाहिलं नाही की कुणी त्यांना हाक मारलेली ऐकली नाही. मनात म्हणताना ते नाव कधी खटकलंच नव्हतं. उघड्या तोंडानं, सासरच्या सोप्यात, आळीसमोर म्हणायची वेळ आली तेव्हा जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. ‘विठ्ठलाचा गजर’ म्हणावं तर ते थोरल्या दिराचं, माझ्या वडलांचं नाव. दोन्ही दारं बंद.

सोप्यात कुणाला काही कळेना. माजघरात मात्र आजीला एका ओळीत कळलं. वाळवंट आणि टाळ म्हटल्यावर पुढं कोण येणार? तिनं मला परकराला धरून ओढलं आणि कानात म्हणाली, “जा, तिला सांग, हरिनामाचा म्हन. हरिनामाचा गजर. पळ.”

मी पळत गेले. पण गुपित सांगायची अक्कल नव्हती. काकीच्या कानाशी जायचं सोडून मी सोप्याच्या मधोमध उभी राहून म्हणाले, “काकी, आजी म्हणतीया हरिनामाचा म्हण!”

बाया हसल्या. आई पण हसली. पण पुढं बसलेली एक जाणती बाई हसली नाही. आमच्या नात्यातलीच होती. हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “पयली संक्रांत हाय पोरीची. सवाष्णीच्या नावाला आतल्या बाईचा शब्द कशाला?”

हसणं थांबलं. आईच्या हातात कुंकवाचा करंडा होता, तो तसाच राहिला. माजघरातनं काहीच आवाज आला नाही. मला एवढंच कळलं की माझं काहीतरी चुकलं, आणि मी भिंतीला जाऊन टेकले.

काकीनं पदर खांद्यावर घेतला. तिचा चेहरा अजून तांबडाच होता. थोडी खाली बघून, पण नेहमीपेक्षा मोठ्यानं ती म्हणाली:

“माजघरात तेवते वात, उजेड पडे दारात,
दिनकररावांचं नाव घेते आत्याबाईंच्या घरात.”

नावापाशी थांबली, आजीनं सांगितलं होतं तशी. गिळलं नाही.

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी “वा गं!” म्हणालं, आणि आईनं पुढं होऊन काकीला हळदीकुंकू लावलं. ती जाणती बाईही कंगवा घेऊन, तिळगूळ खाऊन, नीट निरोप घेऊन गेली. आमच्याकडं अशा गोष्टीवरनं भांडण होत नाही. ते तिथंच राहतं, जाजमाखाली गेलेल्या खड्यासारखं.

पुढं कितीतरी वर्षांनी मी काकीला म्हटलं, “तू तेव्हा चांगली जिरवलीस की.” ती म्हणाली, “जिरवायचं कुठलं! पाय लटलट कापत हुतं. दुसरा शेवटच सुचंना. आत्याबाईंच्या घरात, आत्याबाईंच्या घरात, एवढंच जात्यावर म्हनून म्हनून तोंडात बसल्यालं. मग म्हागं काय लावायचं? दारात दिसलं. वात दिसली.” मला तिचं हे उत्तर जास्त खरं वाटतं. शेवट आधी धरला होता, म्हणून अडल्या वेळी सुरुवात सापडली.

त्या रात्री सगळं आवरल्यावर काकी वाटीत तिळगूळ घेऊन माजघरात गेली. आजी अजून त्याच पाटावर होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते, रडून झालं होतं. काकी पाया पडली. आजीनं तिळगूळ तोंडात टाकला आणि विचारलं, “त्ये टाळ वाजतोय त्याचा शेवट काय हुता?”

“सावरून पदर.”

“गजर, पदर.” आजीनं मनात फिरवून बघितलं. “चांगलाय. तुझ्या आत्याला जुळवाय येतंय. फुडल्या साली हरिनामाचा घालून घे.”

काकी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आत्याबाई, तुमी मामंजींचं कसं घ्यायचा?”

मला वाटलं आजी रागावेल. घरात हे कुणी कधी विचारलं नव्हतं. विधवेला नाव घ्यायला कुणी सांगत नाही, आणि एरवी तर ते घ्यायचंच नसतं. म्हणजे नवरा गेला की त्याचं नाव बाईच्या तोंडातनं कायमचंच जातं. चारचौघांत घ्यायच्या त्या मोजक्या जागाही जातात. आजी ज्याच्याशी तीस वर्षं नांदली, त्याचं नाव तिनं सहा वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं.

आजी म्हणाली, “मोटंचं पानी पाटाला, पाट निघाला मळ्याला...” आणि थांबली. मळ्यातली मोट आजोबा हाकायचे, ती पाणी द्यायची. मग एकदम, काही अवघड नसल्यासारखं म्हणाली, “पांडुरंगांचं नाव घेते...” पुढं तिचा हात गळ्यापाशी गेला.

“डोरलं माझ्या गळ्याला,” ती म्हणाली, “असं हुतं. आता ते खोटं झालं. खोटं नाव घेऊ ने.”

काकी तिच्याकडं बघत बसली. तिचे ओठ हलत होते, जात्यावर हलायचे तसे. मळ्याला, गळ्याला. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी आजीच्या गळ्यात हात टाकून अर्धवट झोपेत होते.

“नात बिलगली गळ्याला,” काकी म्हणाली.

आजी काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं सगळं पहिल्यापासून म्हटलं, अगदी हळू:

“मोटंचं पानी पाटाला, पाट निघाला मळ्याला,
पांडुरंगांचं नाव घेते, नात बिलगली गळ्याला.”

नावापाशी थांबली. मग म्हणाली, “बसतंय,” आणि उठून दिवा बारीक केला.

आजी 1991 साली गेली. सोप्यातल्या हळदीकुंकवात ती शेवटपर्यंत बसली नाही. आम्हीही बसवलं नाही, हे लिहिलं पाहिजे. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याची बातमी काकीनं मला फोनवर वाचून दाखवली. काका तोवर गेले होते. पुढच्या संक्रांतीला तिच्या सुनेनं तिला हाताला धरून सोप्यात बसवलं. दोघी-तिघी बाया कुजबुजल्या, बाकीच्यांनी तिळगूळ घेतला.

त्या वर्षी आळीत एक नवी सून होती, पुण्यात नोकरीला असणारी. तिनं मोबाईलमध्ये बघून एक उखाणा म्हटला. तो कुणाही नवऱ्याला चालेल असा होता, आणि तिनं नाव घाईघाईनं पुढं ढकलल्यामुळं ते कुणालाच ऐकू आलं नाही. पोरी हसल्या, ती गोंधळली, आणि मोबाईल खाली ठेवून म्हणाली, “काकू, मला नाही जमत हे.”

काकीनं तिला जवळ बसवून घेतलं.

“सुरुवातीचं राहू दे,” ती म्हणाली. “नावाच्या म्होरं काय म्हननार, ते सांग.”